गरोदरपणातील उलट्या : घरचे उपाय आणि धोक्याच्या खुणा

(संस्थेच्या महिला मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला विषय दिला गेला तो "गरोदर स्त्रीचा आहार" असा. पण आहारावर बोलायला उभे राहिले की पहिल्या तीन महिन्यांतल्या बायका मनातल्या मनात हसतात. दूध प्या, अंडी खा, पालेभाजी खा असे आम्ही सांगतो आणि त्या बिचाऱ्यांच्या पोटात पाण्याचा घोट टिकत नसतो. म्हणून आज आहाराचा तक्ता बाजूला ठेवते आणि ज्यांना खाणेच जात नाही त्यांच्याबद्दल बोलते. तुमच्यापैकी कोणी स्वतः या अवस्थेत असेल, कोणाच्या घरी सून असेल, कोणाच्या माहेरी बहीण आली असेल. त्या सर्वांनी हे ऐकावे.

दिवस गेल्यावर मळमळ साधारणपणे पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते. आठवडे मोजताना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजावेत. नवव्या आठवड्याच्या सुमारास त्रास सर्वांत जास्त असतो आणि बहुतेकींचा तो बाराव्या ते सोळाव्या आठवड्यापर्यंत ओसरतो. थोड्या बायकांना पुढेही पुरतो. लोक याला सकाळचा त्रास म्हणतात, पण ते नाव फसवे आहे. कोणाला सकाळी होते, कोणाला दिवेलागणीला, कोणाला दिवसभर. "सकाळी तर बरी होतीस, आता नाटक कशाला?" असे संध्याकाळी ओकणाऱ्या सुनेला म्हणू नये.

आणि हे नाटक नाही, हे आता पुरते सिद्ध झालेले आहे. पूर्वी पुस्तकांतसुद्धा लिहिलेले असे की बाईला मूल नकोसे असते म्हणून ती ओकते. डिसेंबर 2023 मध्ये केंब्रिज येथील आणि इतर संशोधकांनी एकत्र प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या समजुतीचा पायाच काढून घेतला. जीडीएफ-15 नावाचे एक संप्रेरक आहे. ते वारेतून आणि गर्भातून आईच्या रक्तात येते आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राजवळ जाऊन काम करते. ज्या बाईच्या रक्तात हे द्रव्य गरोदरपणाआधी कमी असते तिला त्याची सवय नसते. मग ते अचानक वाढले की तिला फार त्रास होतो. जिच्या रक्तात ते आधीपासूनच भरपूर आहे तिला फारसे काही होत नाही. म्हणजे जावेला दोन्ही वेळा काही झाले नाही आणि तुम्हाला होते, यात तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. शरीराची सवय वेगळी आहे, इतकेच.

आता मुख्य चिंतेकडे येते. घरातली मोठी माणसे म्हणतात, "ही खात नाही, बाळाचे कसे होणार?" नवव्या आठवड्यात बाळ जेमतेम एका द्राक्षाएवढे असते. त्याची या काळातली अन्नाची गरज फार थोडी असते आणि ती आईच्या शरीरातल्या साठ्यातून भागते. तेव्हा दोन महिने डाळ-भात नीट गेला नाही, नुसत्या टोस्टवर आणि पेजेवर दिवस निघाले, म्हणून बाळाचे नुकसान होत नाही. पाण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. शरीरातले पाणी आणि क्षार कमी झाले तर आईची तब्येत दोन-तीन दिवसांत ढासळते. म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्या तीन महिन्यांत ताटाकडे कमी पाहावे आणि पेल्याकडे जास्त.

हे घरात कसे करायचे ते एका उदाहरणाने सांगते. बाईचे नाव सांगत नाही. गाव खाडीकाठचे, घर मोठे, ती धाकटी सून. पहिलटकरीण, सातवा आठवडा, मूळचे वजन 48 किलो. माझ्याकडे आली तेव्हा 46.8 भरले. दिवसाला चार-पाच उलट्या, लघवी दिवसातून तीनदा आणि पिवळी. सोबत सासूबाई होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, पित्त झालंय हिला. सगळं पित्त पडून गेलं की बरी होईल." मी त्यांना बसवले आणि सुनेचा दिवस सकाळपासून सांगायला लावला.

दिवस असा होता. रात्री नऊला जेवण. पहाटे उठून रिकाम्या पोटी कपभर कडक चहा. तो दहा मिनिटांत बाहेर. मग मिश्री लावणे, तेव्हा पुन्हा उलटी. मग चुलीपाशी उभे राहून सर्वांच्या भाकऱ्या, मासळी तळणे, कांदा परतणे. स्वतःचे पहिले खाणे अकरा वाजता, आणि तेव्हा "आता दोघांचे खा" म्हणून ताट भरून वाढलेले. वरून तांब्याभर पाणी. तेही बाहेर.

म्हणजे रात्री नऊपासून सकाळी अकरापर्यंत पोटात काही टिकलेच नव्हते. चौदा तास रिकामे पोट मळमळ वाढवते आणि गच्च भरलेले पोटही वाढवते. आम्ही त्या दिवसाची घडी बदलली. औषधाआधी हेच करायचे असते.

उशाशी एक घट्ट झाकणाचा डबा ठेवायला सांगितला. त्यात टोस्ट, खारी किंवा कुरमुरे. डोळे उघडले की उठायचे नाही. पडल्या पडल्या एक टोस्ट सावकाश चावून खायचा आणि पंधरा-वीस मिनिटे तशीच पडून राहायचे. मग हळूच उठून बसायचे आणि नंतर उभे राहायचे. चहा बंद करायला मी सांगितला नाही, कारण ते कोणी पाळत नाही. काहीतरी खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाने घ्यायचा, तोही फिका. रात्री जाग आली तर दोन घास तेव्हाही खायचे.

दिवसा दर दीड-दोन तासांनी मूठभर खाणे. अर्धी तांदळाची भाकरी, थोडा दहीभात, एखादे केळे, उकडलेला बटाटा मीठ लावून, मुरमुरे, शेंगदाणे, चालत असेल तर उकडलेले अंडे. गरम अन्नाला वास जास्त येतो, म्हणून निवलेले अन्न बहुधा अधिक बसते. तळकट आणि तिखट टाळावे. आणि जे बसते ते खावे. तिला केवळ लिमलेटची गोळी आणि खारी बिस्किटे बसत असतील तर त्या आठवड्यात तोच तिचा आहार. त्याबद्दल कोणी टोमणा मारू नये.

पाणी जेवणाबरोबर घ्यायचे नाही, खाण्याच्या अर्धा तास आधी किंवा नंतर घ्यायचे. आणि तांब्या तोंडाला लावायचा नाही. उलट्या जास्त असतील त्या दिवशी घड्याळ समोर ठेवून दर पाच मिनिटांनी चहाचे दोन चमचे पाणी पाजावे. दोन चमचे म्हणजे 10 मिलिलिटर. तासाला बारा वेळा म्हणजे 120 मिलिलिटर, आठ तासांत जवळजवळ लिटरभर. पेलाभर एकदम प्यायले तर सगळे उलटून पडते, पण चमच्याने दिलेले बरेचसे टिकते. हे कंटाळवाणे काम आहे, म्हणून घरातल्या शाळकरी मुलीला किंवा नवऱ्याला त्यावर बसवावे. साधे पाणी नको वाटते तर ओआरएसच्या पुडीचे पाणी, शहाळ्याचे पाणी, मीठ-साखरेचे लिंबू सरबत, पातळ पेज यांतले काहीही चालते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचाच घ्यायचा. मीठ अंदाजाने टाकू नये.

आता चुलीचा प्रश्न. मी सासूबाईंना विचारले, "मासळी तळायला दुसरं कोणी आहे का?" म्हणाल्या, "मोठी सून आहे की." मोठी सून म्हणजे तिची भाभी. ठरले की दोन महिने कांदा परतणे, फोडणी आणि मासळी भाभीने पाहायची आणि हिने धुणे, निवडणे, शिवण अशी वाऱ्यावरची कामे घ्यायची. वासाने उलटी होते हे बोलायला सोपे असते, पण घरातली कामाची वाटणी बदलल्याशिवाय त्यावर उपाय होत नाही. डॉक्टरने हे सासूबाईंच्या समोर बोलून घेतले तर पुष्कळ औषधे वाचतात असे मी पाहिले आहे.

मिश्री मात्र मी त्याच दिवशी बंद करायला सांगितली. ती भाजलेली तंबाखूच आहे. तिने मळमळ थांबते असे काही बायका सांगतात, पण तिच्यातले निकोटिन रक्तातून बाळापर्यंत जाते आणि बाळ वजनाने कमी भरते. उलटी झाल्यावर लगेच ब्रशने दात घासणेही बरे नाही. पोटातल्या आम्लाने दातांचे वरचे कवच नरम झालेले असते. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने दात घासावेत.

आल्याबद्दल सर्वजणी विचारतात. आल्याचा उपयोग होतो, पण बेताचा. सौम्य मळमळीला तो बरा, जोराच्या उलट्यांना पुरत नाही. अभ्यासांत दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास सुंठ, चार वेळांत विभागून, दिलेली आहे. घरच्या मापाने दोन-दोन चिमट्या, किंवा ताज्या आल्याचा लहान तुकडा किसून पाण्यात. जळजळ वाढली तर सोडून द्यावा.

लोहाच्या गोळ्यांविषयी एक खुलासा. पहिल्या तीन महिन्यांत घ्यायची ती फॉलिक ॲसिडची लहान गोळी. ती चुकवू नये, सकाळी पडते तर रात्री झोपताना घ्यावी. लोहाची गोळी आपल्याकडे सरकारी कार्यक्रमातही चौथ्या महिन्यापासून सुरू करतात. कोणी आधीच सुरू केली असेल आणि तिने मळमळ वाढत असेल तर डॉक्टरांना विचारून काही आठवडे थांबवता येते.

या सुनेला दहा दिवसांनी पुन्हा तपासले. वजन 46.5. म्हणजे अजून थोडे उतरले होते, पण उलट्या दोनवर आल्या होत्या आणि लघवी दिवसातून पाच-सहा वेळा, फिकट. मला त्या वजनापेक्षा लघवीचे समाधान जास्त वाटले. तिला मी औषधही दिले. डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-6 जीवनसत्त्व, यांची एकत्र गोळी मिळते. प्रत्येकी 10 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रात्री झोपताना घेतल्या की त्यांचा परिणाम सकाळपर्यंत टिकतो. झोप येते, म्हणून दिवसा घेताना जपावे. ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी.

गरोदरपणात गोळी म्हटले की घरची माणसे घाबरतात, आणि त्या भीतीला इतिहास आहे. थॅलिडोमाइड नावाच्या औषधाने हजारो मुले अपंग जन्मली आणि 1961 मध्ये ते जर्मनीत बाजारातून काढले गेले. पण ते औषध वेगळे, ही गोळी वेगळी. हिच्यावरही अमेरिकेत खटले झाले आणि त्यांच्या खर्चाला कंटाळून कंपनीने 1983 मध्ये ती विकणे बंद केले. दोष सिद्ध झाला नव्हता. पुढे लाखो गरोदर बायकांची माहिती तपासली गेली, बाळात व्यंग वाढलेले दिसले नाही, आणि 2013 मध्ये तिथल्या सरकारी खात्याने तीच गोळी पुन्हा मंजूर केली. तेव्हा भीतीपोटी बाईला आठवडेच्या आठवडे ओकू देण्यात शहाणपण नाही.

सुनेचा त्रास तेराव्या आठवड्यात थांबला. पण सगळ्याच बायकांची गोष्ट इतकी सरळ जात नाही.

दुसरी एक बाई, मूळ वजन 52 किलो. नवव्या आठवड्यापासून दिवसाला दहा-बारा उलट्या. तिच्या घरच्यांनी जवळच्या एका दवाखान्यात नेऊन ग्लुकोजची बाटली लावली. बरे वाटले. चार दिवसांनी पुन्हा बाटली. असे तीनदा झाले. कोणी वजन केले नाही आणि कोणी लघवी विचारली नाही. तीन आठवड्यांनी ती आमच्याकडे आली तेव्हा वजन 49 किलो होते. 52 पैकी 3 गेले, म्हणजे शंभरी पावणेसहा. शंभरी पाचपेक्षा जास्त वजन उतरले की तो साधा त्रास राहत नाही, त्याला रुग्णालयातला उपचार लागतो. त्याहून वाईट म्हणजे ती चालताना झोकांड्या खात होती आणि एकाचे दोन दिसतात असे म्हणत होती. नवऱ्याला वाटले, अशक्तपणा आहे.

तो अशक्तपणा नव्हता. आठवडेच्या आठवडे अन्न टिकले नाही की शरीरातले ब-1 जीवनसत्त्व संपते. मेंदूला साखर वापरण्यासाठी ते लागते. अशा वेळी नुसते ग्लुकोज शिरेतून दिले तर उरलेसुरले ब-1 देखील त्यात खर्च होते आणि मेंदूला इजा पोहोचते. म्हणून खूप दिवस ओकणाऱ्या बाईला आधी ब-1 चे इंजेक्शन आणि मिठाच्या पाण्याचे सलाइन द्यायचे, ग्लुकोज त्यानंतर. तिला तसे दिले, रक्तातले पोटॅशियम तपासून भरून काढले. दृष्टी काही दिवसांत सुधारली, पाय स्थिर व्हायला मात्र कित्येक आठवडे गेले. तुम्ही डॉक्टरांना शिकवायला जाऊ नका, पण इतके अवश्य विचारा : "हिला तीन आठवडे काही पचत नाही. बाटलीआधी ब-1 द्यायचं का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही.

म्हणून आता धोक्याच्या खुणा सांगते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोनच गोष्टी लिहाव्यात : लघवी किती वेळा झाली, आणि आठवड्यातून एकदा वजन. वजन नेहमी एकाच काट्यावर, त्याच वेळी करावे. दरमहा पाळीची तारीख लिहिणारी बाई हे सहज करू शकते. आठ तास लघवी झाली नाही किंवा ती गडद चहासारखी झाली, चोवीस तासांत पाणीसुद्धा टिकले नाही, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येऊन छाती धडधडू लागली, किंवा 48 किलोची बाई 45.6 च्या खाली, 50 ची 47.5 च्या खाली उतरली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. झोकांड्या, डोळ्यांना दुहेरी दिसणे, बोलण्यात गोंधळ यांपैकी एकही दिसले तर तसेच.

काही खुणा अशा आहेत की उलट्यांचे कारण गरोदरपण नसून दुसरेच काही असू शकते. ताप, पोटात सतत दुखणे, लघवीला जळजळ, जोराची डोकेदुखी, उलटीत रक्त. डोळे पिवळे होणे ही तर फार गंभीर खूण मानावी. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ आपल्या देशात आहे आणि गरोदर बाईला ती जिवावर बेतते. "गावठी औषध देऊन कावीळ उतरवू" असे म्हणून थांबू नये. अंगावरून रक्त गेले आणि उलट्याही फार असतील तर सोनोग्राफी करून घ्यावी. कधी जुळी असतात, कधी वार बिघडून द्राक्षांच्या घोसासारखी वाढलेली असते, आणि तिला वेगळाच उपचार लागतो. आणि पहिले दोन महिने काही नव्हते, उलट्या दहाव्या आठवड्यानंतर प्रथमच सुरू झाल्या, तर त्या गरोदरपणाच्या नेहमीच्या उलट्या असे गृहीत धरू नये.

एका भगिनीने आधीच चिठ्ठी पाठवून विचारले आहे की या दिवसांत रमजान आला तर काय करावे. गरोदर स्त्रीला रोजे पुढे करून घेण्याची सवलत आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. वैद्यकाच्या बाजूने मी इतकेच सांगेन, की जिच्या पोटात दिवसभर चमचा-चमचा पाणी टिकवावे लागते तिने ती सवलत घ्यावी. सहरीला पोटभर खाऊन दिवस काढू हा हिशेब तिच्या बाबतीत जमत नाही, कारण सहरीच बाहेर पडते.

दुसऱ्या चिठ्ठीत विचारले आहे की पुढच्या खेपेलाही असेच होईल का. पहिल्या वेळी रुग्णालयात राहावे लागले असेल तर पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते. अशा बाईने पाळी चुकताच डॉक्टरांना भेटावे. मळमळ सुरू होताच, किंवा तिच्याही आधी, रात्रीची गोळी चालू केली तर त्रास कमी राहतो. उशाशी डबा मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावा.